लिफ्टजवळच्या आपत्कालीन पाटीचा फोटो काढून मराठी पाटी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या भागांतल्या सोसायट्या आणि लॉज मला लिफ्टमधल्या इंग्रजी पाटीचा फोटो पाठवतात आणि 'याचं मराठी करून द्या' म्हणतात. मी पाट्यांचा मजकूर लिहितो. या कामात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. उदाहरण म्हणून रत्नागिरीतल्या एका पाच मजली इमारतीची पाटी घेतली आहे. तिचं काम नुकतंच पूर्ण झालं.

पाटीचा फोटो कसा काढायचा?

फ्लॅश बंद करा. पाटी बहुतेक वेळा अॅक्रिलिकखाली किंवा लॅमिनेट केलेली असते. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमका फोन नंबर त्याखाली जातो. आपल्याकडे पावसाळ्यात लॅमिनेशनच्या आत ओल शिरते आणि कडेची अक्षरं बुरशीने काळी पडतात. म्हणून आधी पाटी कोरड्या फडक्याने पुसा. मग एक फोटो सगळ्या पाटीचा घ्या आणि दोन-तीन फोटो जवळून, भाग पाडून घ्या.

त्यानंतर बटणांच्या पॅनेलचाही फोटो लागतो, आणि तोच बहुतेक जण विसरतात. पाटीवर 'अलार्म बटण दाबा' असं लिहिलेलं असतं, पण पॅनेलवर ते बटण पिवळं आहे की लाल, त्यावर घंटेचं चित्र आहे की अक्षरं, बोलायची जाळी वर आहे की खाली, हे पाटीवरून कळत नाही. मराठी वाक्य त्या खऱ्या बटणाकडे बोट दाखवणारं असावं लागतं, म्हणून पॅनेल पाहिल्याशिवाय मी मजकूर लिहीत नाही.

फोटो भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला की झालं, असं का नाही?

नेमकं काय बिघडतं ते या पाटीवरच दिसलं. सोसायटीने आधी असंच करून एक कागद चिकटवला होता. इंग्रजीत लिफ्टच्या खोलीला 'कार' म्हणतात, तिथे 'गाडी' झालं होतं. मजल्यावरच्या दाराला इंग्रजीत 'लँडिंग डोअर' म्हणतात, त्याचं 'उतरण्याचा दरवाजा' झालं होतं. अडकलेल्या माणसाने 'उतरण्याचा दरवाजा' वाचलं तर तो त्याच दाराला हात घालणार. मूळ पाटी ज्याला मनाई करत होती, त्याचीच वाट या शब्दाने दाखवली गेली.

कागदावर लिफ्टऐवजी 'उद्वाहन' असंही होतं. सरकारी कागदात हा शब्द बरोबर आहे. पाटीवर मात्र लोक जे म्हणतात तेच हवं : लिफ्ट, बटण, घंटा, लाइट, फरशी, जिना.

'उघडू नका' असं लिहिलं तर काय बिघडतं?

मला या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

इंग्रजीत मनाई वाक्याच्या सुरुवातीला येते, मराठीत ती शेवटी येते. 'दार जोर लावून उघडण्याचा प्रयत्न करू नका' हे वाक्य घाबरलेला माणूस पूर्ण वाचेलच असं नाही. त्याची नजर पहिल्या तीन-चार शब्दांवर पडते : 'दार जोर लावून उघड'. 'नका' पर्यंत पोचायच्या आधी हात दारावर गेलेला असतो. लाइट गेलेली असेल, मोबाइलच्या उजेडात अर्धी पाटी दिसत असेल, तर हे आणखी सहज घडतं.

म्हणून मनाईचं वाक्य शक्य तिथे करायच्या गोष्टीत बदलायचं. 'दार उघडू नका' ऐवजी 'दार बंदच राहू द्या'. 'दाराला टेकू नका' ऐवजी 'दारापासून मागे सरका'. आता वाक्य कुठेही तुटलं तरी माणूस योग्य तेच करतो.

हीच अडचण 'पूर्वी' आणि 'जोपर्यंत' या शब्दांची आहे. 'बाहेर पडण्यापूर्वी फरशी पाहा' या वाक्यात 'बाहेर पड' आधी वाचलं जातं. त्याऐवजी ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहा : 'आधी खाली बघा. मग बाहेर या.' एका वाक्यात एकच क्रिया ठेवा. 'आणि', 'परंतु', 'असल्यास' आलं की वाक्य तोडा.

दार उघडू नये, हे इतकं जोर देऊन का सांगायचं?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली असेल आणि आतल्या माणसाने दोन्ही दारं ओढून उघडली, तर समोर अर्धी भिंत आणि अर्धी मजल्याची मोकळी जागा दिसते. माणूस त्या जागेतून खाली उडी मारायला जातो. पण लिफ्टच्या तळाखाली, मजला आणि लिफ्ट यांच्यामध्ये, सरळ खड्डाच उघडा असतो. उडी मारणारा मागे कलला की पाय त्या पोकळीत जातात. लिफ्टमध्ये बसून राहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी धोक्याचा आहे.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त लागू पडतं. पावसाळ्यात वीज सारखी जाते. अनेक लिफ्टना बॅटरीवर चालणारी सुटकेची यंत्रणा असते, मेकॅनिक तिला 'एआरडी' म्हणतात. वीज गेली की थोडा वेळ सगळं शांत होतं. मग लिफ्ट हळूहळू सरकत जवळच्या मजल्यावर जाते आणि दार उघडते. पण दार जरा जरी फटीएवढं उघडलं असेल, तर सुरक्षेचा संपर्क तुटतो आणि ती लिफ्ट हलतच नाही. म्हणजे घाईने दार ओढणारा माणूस स्वतःचीच सुटका थांबवतो. लोकांना हे माहीत नसतं. उलट अंधारात लिफ्ट अचानक हलली की ती पडते आहे असं त्यांना वाटतं.

एआरडी तुमच्या लिफ्टला आहे का, हे मेकॅनिकला विचारा. नसेल तर 'लिफ्ट आपोआप हलेल' असं वाक्य पाटीवर अजिबात नको. असेल तर आत कोणी नसताना त्याच्याकडून मेन स्विच बंद करून घ्या आणि लिफ्ट खरंच हलते का ते पाहा. बॅटरी जुनी झाली की यंत्रणा नावालाच उरते.

मूळ पाटीत काय होतं आणि त्याचं काय झालं, ते दाखवाल का?

मूळ पाटीत सात ओळी होत्या. त्यांचा अर्थ मी साध्या शब्दांत देतो. पहिली ओळ : अडकल्यास प्रवाशांनी घाबरून जाऊ नये. दुसरी : अलार्म बटण दाबून धरावं आणि इंटरकॉमवर बोलावं. तिसरी : लिफ्टचं किंवा मजल्याचं दार जोराने उघडू नये. चौथी : वीज गेल्यास एआरडी लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणेल. पाचवी ओळ सगळ्यात गुंतागुंतीची होती : लिफ्ट मजल्याशी समपातळीत नसेल, तर अधिकृत माणसाच्या मदतीशिवाय बाहेर पडू नये. सहावी, बारीक अक्षरात : पुरेशी हवा खेळती राहण्याची सोय आहे. सातवी : आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. खाली सर्व्हिसचा फोन नंबर.

सगळ्यात आधी मी सहावी ओळ वर आणली. अडकलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न असतो 'हवा संपेल का?' लिफ्ट हवाबंद नसते, तिला झरोके असतात आणि दारांच्या फटींतूनही हवा येते. मूळ पाटीने हे शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं आणि वर नुसतं 'घाबरू नये' म्हटलं होतं. 'घाबरू नका' वाचून कोणाची भीती जात नाही. हवा येते हे कळलं की जाते. करायच्या पायऱ्यांचा क्रम मी बदलत नाही, पण धीर देणारी माहिती आणि दाराची सूचना मात्र वर नेतो.

सातवी ओळ मी आतून काढून बाहेर लावायला सांगितली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये' हे वाचून काहीच करता येत नाही, उलट आग लागली की काय अशी नवी भीती वाटते. ती ओळ मजल्यावर, लिफ्ट बोलवायच्या बटणाशेजारी हवी : 'आग लागली? जिन्याने उतरा.'

शेवटी आतली पाटी अशी झाली :

> लिफ्ट अडकली?
>
> लिफ्टमध्ये हवा येते. श्वास कोंडणार नाही.
>
> दारापासून मागे सरका. दार बंदच राहू द्या.
>
> १. घंटेचं पिवळं बटण दाबून धरा. पाच आकडे मोजा. सोडा.
>
> २. बटणांच्या वर जाळी आहे. तिच्याजवळ बोला. सांगा : 'लिफ्ट अडकली. आत इतके जण आहोत.'
>
> ३. लाइट गेली? थांबा. लिफ्ट हळू हलेल. जवळच्या मजल्यावर थांबेल.
>
> ४. दार आपोआप उघडलं? आधी खाली बघा. फरशी सपाट असेल तर बाहेर या. फरशी वर-खाली असेल तर आतच थांबा.
>
> ५. कोणी आलं नाही? पुन्हा घंटा वाजवा.

पाचव्या मूळ ओळीची चौथी पायरी झाली. 'समपातळी' गेलं आणि 'फरशी सपाट' आलं. 'अधिकृत माणूस' हा शब्दच नको होता. अडकलेल्या माणसाने अधिकृत कोण हे कसं ठरवायचं? 'आतच थांबा' एवढं पुरतं.

'अडकलो', 'उभे राहा' असं का लिहिलं नाही?

मराठीत क्रियापद बाई-पुरुष पाहून बदलतं. 'उभे राहा' लिहिलं की वाक्य पुरुषांशी बोलतं आणि 'मी अडकलो' असं वाक्य आयतं दिलं, तर बाईला ते मनात बदलून म्हणावं लागतं. 'मागे सरका', 'थांबा', 'दाबा' ही रूपं सगळ्यांना सारखी लागतात. 'लिफ्ट अडकली' हे वाक्यही कोणीही तसंच म्हणू शकतं. अडकलेल्याला बोलायचं वाक्य तयार दिलं की त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. 'करावे', 'दाबावे' ही रूपं टाळा, ती नोटिशीतली आहेत.

पाटी मालवणीत का नाही?

कुडाळच्या एका लॉजमालकाने हे विचारलं होतं. लॉजवर मुंबई-पुण्याची, गोव्याची माणसं येतात, आणि मालवणी बोलणारी माणसंही वाचतात प्रमाण मराठीच. शब्द सोपे असले की पुरतं. बोलताना मात्र बाहेरच्या माणसाने आतल्याला त्याच्याच बोलीत धीर द्यावा. 'दाराक हात लावू नकात' हे आतल्या आजीला जितकं पटकन पोचेल तितकं दुसरं काही पोचणार नाही.

घंटा वाजली तर ऐकणार कोण?

हा प्रश्न भाषांतराचा नाही, पण पाटीइतकाच महत्त्वाचा आहे. मूळ पाटी शहरातल्या चोवीस तास पहाऱ्याच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असते. आपल्या इमारतींत वॉचमन बऱ्याचदा रात्रीपुरता असतो किंवा नसतोच. इंटरकॉम त्याच्या केबिनमध्ये वाजत राहतो. अशा ठिकाणी 'सुरक्षारक्षकाशी बोला' असं लिहिणं म्हणजे अडकलेल्याला खोटं सांगणं आहे. इंटरकॉमचा दुसरा फोन तळमजल्याच्या एखाद्या घरात देता येतो का ते आधी पाहा, मग मजकूर लिहा.

बाहेरच्या माणसासाठी वेगळी पाटी हवी का?

हवी. घंटा ऐकून धावत येणारा शेजारी आतल्या माणसाइतकाच घाबरलेला असतो, आणि त्याच्या हाती पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर असण्याची शक्यता असते. तळमजल्यावर फोनजवळ लावायची पाटी आम्ही अशी केली :

> लिफ्टमध्ये कोणी अडकलं?
>
> १. मोठ्याने विचारा : 'आत किती जण? बरे आहात ना?'
>
> २. सांगा : 'दारापासून मागे सरका. मदत येतेय.'
>
> ३. खालच्या नंबरवर फोन करा. पत्ता वाचून दाखवा.
>
> ४. तिथेच थांबा. आतल्यांशी बोलत राहा.
>
> कोणाला बरं वाटत नाही? 112 लावा.

याखाली इमारतीचं नाव, रस्ता, जवळची ठळक खूण आणि किती मजल्यांची इमारत आहे, हे पूर्ण लिहा. स्वतःच्या घराचा पत्ता घाबरल्यावर आठवत नाही असं खूप जणांचं होतं. तो समोर लिहिलेला असला की नुसता वाचायचा असतो.

फोन नंबर कसा लिहायचा?

जुन्या पाट्यांवर सर्व्हिसचा सहा आकडी लँडलाइन नंबर असतो. मोबाइलवरून तो तसाच लावला तर लागत नाही. नंबरच्या आधी एसटीडी कोड लागतो : रत्नागिरीला 02352, चिपळूणला 02355. पाटीवर कोडसकट अकरा आकडे लिहा. आकडे फोनच्या बटणांवर असतात त्याच लिपीत लिहा आणि दोन-तीन गटांत तोडा.

फोटोवरून नंबर उतरवताना 1 आणि 7, 3 आणि 8 यांची गल्लत होते. छापण्याआधी तो नंबर लावून पाहा. रत्नागिरीच्या पाटीवरचा नंबर लावला तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या घरी लागला. सर्व्हिसचा करार दोन वर्षांपूर्वी बदलला होता आणि पाटी तशीच राहिली होती.

आणखी एक गोष्ट. लिफ्टची खोली पत्र्याची असते, आत मोबाइलला रेंज बऱ्याचदा येत नाही. म्हणून आतल्या पाटीत फोन लावणं ही पहिली पायरी कधीच ठेवू नका.

मशीन रूममधल्या पाटीचंही मराठी करून लिफ्टजवळ लावावं का?

मशीन रूममध्ये हाताने लिफ्ट हलवून सुटका करण्याच्या पायऱ्या असतात : मेन स्विच बंद करणं, सगळ्या मजल्यांची दारं बंद आहेत का पाहणं, ब्रेक सोडायचा दांडा ओढणं, हँडव्हील फिरवणं. ती पाटी तिथेच राहू द्या आणि शिकलेल्या माणसासाठीच राहू द्या.

कारण सांगतो. लिफ्टला तोलून धरणारं वजन दुसऱ्या बाजूला असतं. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड ठेवलेलं असतं, साधारण अर्धा भार आत असल्यासारखं. आत एक-दोनच माणसं असतील आणि कोणी ब्रेक एकदम सोडला, तर लिफ्ट खाली नाही, वर धावते. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती तो दांडा जाऊ नये. मराठी पायऱ्या लिफ्टशेजारी लावल्या तर शेजाऱ्यांना आपण हे करू शकतो असं वाटेल. ते काम मेकॅनिकचं किंवा अग्निशमन दलाचं आहे.

पूर आला तर काय करायचं, हे पाटीत घालू का?

मूळ पाटीत नसलेली सूचना भाषांतरात घालायची नाही. पण प्रश्न खरा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात भरलं. अशा वेळी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तळमजल्याला जाणारी लिफ्ट त्या पाण्यात उतरते. ही सूचना सोसायटीने स्वतःच्या नावाने, वेगळ्या पाटीवर द्यावी : 'पाणी शिरू लागलं? लिफ्ट वरच्या मजल्यावर न्या. बाहेर या. लिफ्टचा मेन स्विच बंद करा.' स्विच उंचावर आणि कोरड्या जागी आहे का, ते पावसाळ्याआधी पाहा. स्विचच पाण्यात असेल तर त्याला हात लावायचा नाही.

मजकूर बरोबर आहे हे छापण्याआधी कसं कळणार?

ज्याने पाटी पाहिलेली नाही अशा माणसाला वाचायला द्या. रत्नागिरीत आम्ही जिना झाडायला येणाऱ्या मावशींना विचारलं. लिफ्ट तळमजल्याला दार उघडं ठेवून उभी केली, आतली लाइट बंद केली, त्यांच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला आणि म्हटलं, 'लिफ्ट अडकली आहे, असं समजा. पाटी वाचा आणि करा.'

तेव्हा पाटीवर 'गजराचं बटण' असा शब्द होता. मावशींनी विचारलं, 'गजर म्हणजे घड्याळाचा ना?' त्याच दिवशी 'घंटेचं बटण' झालं. मग त्यांनी बटण दाबून लगेच सोडलं. ही घंटा दाबून धरल्याशिवाय वाजत नव्हती. मूळ इंग्रजीत 'दाबून धरा' होतं, पण किती वेळ ते नव्हतं. म्हणून 'पाच आकडे मोजा' आलं. दुसऱ्या लिफ्टला हे वाक्य लागेलच असं नाही, तिथे उभं राहून बटण दाबूनच ठरवावं लागतं.

'फरशी सपाट' मात्र त्यांना एका वाचनात कळलं. त्यांनी पाय पुढे टाकायच्या आधी खाली पाहिलं.

इंग्रजी पाटी काढून टाकायची का?

नाही. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि सरकारी निरीक्षक लिफ्टची तपासणी करतात. कंपनीने लावलेली पाटी तशीच ठेवा आणि मराठी तिच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावा. अक्षरं हातभर अंतरावरून मोबाइलच्या उजेडात वाचता आली पाहिजेत. फार ठळक टाइप घेऊ नका, त्यात मात्रा आणि अनुस्वार बुजतात. पांढऱ्यावर काळं सगळ्यात बरं.

समुद्राजवळच्या इमारतीत लॅमिनेट केलेला कागद दोन पावसाळेही टिकत नाही. अॅक्रिलिकच्या मागून छापून घ्या आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, साधे गंजून पाटी खाली येते. फोन नंबरची जागा मात्र रिकामी ठेवून त्यावर स्टिकर लावा, म्हणजे करार बदलला की फक्त स्टिकर बदलेल. स्टिकरच्या कोपऱ्यात तो नंबर शेवटचा कधी लावून पाहिला ती तारीख पेनाने लिहा.